स्वच्छ पाणी आलं, पण बोअर तयार झाला नव्हता: दिंडोरीतल्या एका प्रकरणाचा अभ्यास

दिंडोरी तालुक्यातला चार एकरांचा द्राक्षबाग. मालकांना गावात सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणेन. बोअर १९० फुटांचा, साडेसहा इंची. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल बोअर ‘खोल विहीर’ धरला जातो आणि शेतीसाठी त्यावर बंदी आहे, म्हणून नानांनी त्याच्या आतच थांबायचं ठरवलं होतं. पाणी लागलं. रिगवाल्याने अर्धा तास हवा मारली, राखाडी पाणी हळूहळू पांढुरकं आणि मग बऱ्यापैकी नितळ झालं. पाणी मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर, म्हणजे व्ही-नॉचवर, दोन इंच पाणी मोजलं आणि गाडी पुढच्या गावाला निघून गेली.

मोटर १५० फुटांवर सोडली आणि त्रास सुरू झाला. ड्रिपचा जाळीचा फिल्टर दर तासाला भरायचा. त्यात पांढरी, चमकदार कच निघायची. बोटांत घेतली की साखरेसारखी करकरायची. काही आठवड्यांत मोटर जाम झाली. वर काढल्यावर इंपेलरच्या कडा घासून धारदार झालेल्या दिसल्या. नानांचा अंदाज होता की मोटरच कच्ची निघाली. मी आधी मोटर बाजूला ठेवली आणि दोरीला लोखंडी वजन बांधून बोअरची खोली मोजली. वजन १६३ फुटांवर टेकलं. खालचे २७ फूट भरले होते. साडेसहा इंची बोअरमध्ये २७ फूट म्हणजे सुमारे पावणेदोनशे लिटर माल, एका पिंपाला थोडाच कमी. मोटरने वर खेचलेली कच वेगळीच.

त्यामुळे प्रश्न मोटरचा नव्हता. बोअर अजून आतून गळत होता.

खाली नेमकं काय होतं

रिगवाल्याने प्रत्येक दहा फुटांचा चुरा बाजूला ढीग करून ठेवला होता. चांगली सवय आहे ही, आणि नानांनी ते ढीग तसेच राहू दिले होते हे आमचं नशीब. वर पाच फूट काळी माती, ३२ फुटांपर्यंत मुरूम. सात इंची केसिंग, म्हणजे बोअरची भिंत धरून ठेवणारा पाइप, ४० फुटांवर काळ्या पाषाणात नीट बसवलेलं होतं. केसिंगच्या तळातून माती येत असती तर पाणी पिवळट गढूळ आलं असतं, तसं नव्हतं. पुढे ११८ फुटांपर्यंत घट्ट काळा पाषाण, मध्ये शंभरच्या आसपास एक बारीक फट. ११८ ते १३९ मांजऱ्या खडक, कुजलेला, आणि त्याच्या भोकांत झिओलाइटचे पांढरे स्फटिक. नाशिक परिसरातल्या बेसाल्टमध्ये ही खनिजं भरपूर सापडतात, पांडवलेणीच्या बाजूच्या खाणींतले नमुने तर संग्राहकांत प्रसिद्ध आहेत. १४० ते १४६ तांबडा पट्टा, म्हणजे दोन लाव्हांच्या थरांमधली भाजलेली माती. त्याखाली तळापर्यंत कोरडा पाषाण.

मुख्य पाणी मांजऱ्यातून येत होतं, आणि पांढरी कचही तिथूनच. तांबड्या पट्ट्याची माती मात्र वेगळी त्रासदायक. ती ओली झाली की फुगते, सुटते, आणि कितीही धुतली तरी संपत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण पहिल्यावर उपाय धुण्याचा आहे आणि दुसऱ्यावर झाकण्याचा. ओळख बोटांनी होते: मांजऱ्याचा माल करकरतो, तांबड्या पट्ट्याचा साबणासारखा बुळबुळीत लागतो आणि बोट रंगवतो.

रिग पुन्हा आणून तळ साफ करून घेतला आणि आत पाच इंची पीव्हीसीचं दुसरं केसिंग तळापर्यंत सोडलं. ११८ ते १३८ फुटांमध्ये स्लॉट, म्हणजे पाणी आत यायला चिरा असलेला पाइप, बाकी वर-खाली साधा. तांबडा पट्टा त्यामुळे साध्या पाइपाआड गेला. स्लॉट किती रुंद घ्यायचे याचा निर्णय तळातल्या मालावरून केला. तो वाळवून १ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळला, तर निम्म्याच्या आसपास चाळणीवर राहिला. म्हणून १ मिलिमीटरचे स्लॉट. निम्मा बारीक माल आत येऊन निघून जावा आणि निम्मा जाड माल पाइपाबाहेर अडकून त्याचीच गाळणी बनावी, हा हेतू. बाहेर खडी भरायला या बोअरमध्ये जागाच नव्हती; साडेसहा इंची भोक आणि पाच इंची पाइप यांच्यात जेमतेम अर्धा इंच उरतो. तेव्हा जी गाळणी बनायची ती जागच्या जागी, खडकाच्याच कचेतून बनवायला हवी होती. हवेचा उपसा आणि सर्जिंग, म्हणजे पाणी स्लॉटमधून आत-बाहेर हलवणं, याच कामासाठी असतात.

मांडणी

पाच इंची केसिंगमध्ये तीन इंची जीआय पाइप सोडला. पाणी यातून वर येतं. त्याच्या आत एक इंची हवेचा पाइप. हवेच्या पाइपाचं टोक तीन इंचीच्या तोंडापासून एक फूट आत. हवा सुटली की तीन इंची पाइपातलं पाणी बुडबुड्यांमुळे हलकं होतं आणि बाहेरचं जड पाणी त्याला वर ढकलतं. पाण्याला वर उचलणारा जोर हा असा येतो. म्हणून हवेचा पाइप पाण्यात किती बुडाला आहे यावर सगळं अवलंबून.

बोअरमध्ये स्थिर पाणी ४८ फुटांवर होतं. हवेचं टोक ११७ फुटांवर असताना बुडालेली लांबी ६९ फूट, म्हणजे एकूण पाइपाच्या ५९ टक्के. एवढ्यावर उपसा छान चालतो. पण उपसा सुरू होऊन पाणी ८० फुटांवर उतरलं की बुडालेली लांबी ३७ फूट, म्हणजे जेमतेम ३२ टक्के. चाळीस टक्क्यांच्या खाली गेलं की पाणी सलग येत नाही, गचके देत येतं. बरेच जण इथे कंप्रेसर कमी पडला असं समजून मोठा आणतात. कंप्रेसरचा त्यात दोष नसतो. पाणी उतरलंय, एवढंच त्याचं कारण.

दाबाचा हिशेब सोपा आहे. दर दहा मीटर बुडालेल्या पाइपामागे एक किलो दाब. स्लॉटच्या खालच्या टोकाशी, १३६ फुटांवर, बुडालेली लांबी ८८ फूट म्हणजे २७ मीटर होती. सुरुवातीला पाणी ढकलायला २.७ किलो पुरे. म्हणून ट्रॅक्टरवरचा ७ किलोचा कंप्रेसर घेतला. खोदणाऱ्या रिगचा कंप्रेसर यापेक्षा खूप जास्त दाबाचा असतो. तो पीव्हीसीच्या स्लॉटसमोर थेट सोडणं धोक्याचं: पाइप तडकू शकतो, आणि हवा खडकाच्या फटींत जाऊन अडकली की पाण्याचीच वाट बंद होते.

एक गोष्ट कामाआधीच करून घ्यावी. हवेच्या नळीचे दोन्ही जोड साखळीने बांधून ठेवावेत आणि पाइप वर क्लॅम्पने आवळावा. झडप एकदम उघडली की पाइप उसळतो, आणि जोड निसटलेली नळी माणसाला जखमी करू शकते. आमच्याकडे वीस फुटी पाइप उभे करताना वरून विजेची तार जात होती. पाइपांची दिशा बदलून, ती तार सोडून मगच काम सुरू केलं.

पहिला उपसा, आणि तो का फसवतो

स्लॉटच्या वरच्या टोकाशी, ११८ फुटांवर, तीन इंची पाइपाचं तोंड ठेवून हवा सोडली. वरून सुरुवात करायची ती मुद्दाम. तळापासून सुरुवात केली आणि वरची कच एकदम सुटली, तर ती खाली उतरून पाइप अडकवते.

पहिल्यांदा दुधासारखं पांढरं पाणी आलं. रिगवर काम करणारा मुलगा म्हणाला, “अजून लई माल हाय आत.” मी काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्याच्या हातात दिलं. ग्लास तळापासून वर नितळत गेला आणि मिनिटभरात पूर्ण स्वच्छ झाला. ती हवा होती. बारीक बुडबुडे वर जातात, म्हणून पाणी खालून निवळतं. गाळ असता तर उलट झालं असतं: वरचं पाणी आधी निवळून खाली थर बसला असता. ग्लासची ही परीक्षा प्रत्येक वेळी करावी. हवेला गाळ समजून दिवस वाया जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे गाळाला हवा समजून काम थांबतं.

पाऊण तास सलग उपसा केल्यावर पाणी खरोखर नितळ झालं. बादलीत हात घातला तर तळाला काही नाही. नाना समाधानाने म्हणाले, “झालं ना आता? साफ आलं पाणी.” मी कंप्रेसर बंद करायला सांगितला. पाच मिनिटं थांबलो. तीन इंची पाइपात उभं असलेलं पाणी खाली कोसळलं आणि स्लॉटमधून उलटं बाहेर, खडकाकडे गेलं. पुन्हा हवा सुरू केली. वीस लिटरची पहिली बादली भरली, पाणी हलक्या हाताने ओतून टाकलं. तळाला मूठभर पांढरी कच उरली होती. नाना ती बराच वेळ बोटांनी चाळत राहिले.

पाणी एकाच दिशेने, बाहेरून आत, वाहत राहिलं की कचेचे कण स्लॉटच्या तोंडाशी येऊन एकमेकांवर टेकतात आणि कमान धरतात. कमानीमागचा माल अडून राहतो, पाणी स्वच्छ दिसतं. ही गाळणी पक्की मात्र नसते. मोटर बंद झाली, लाइट गेली, पाणी उलटं फिरलं की कमान मोडते आणि मागचं सगळं आत येतं. शेतात लाइट दिवसातून कितीदा जाते ते सगळ्यांना माहीत आहे. नानांच्या मोटरला नेमकं तेच भोगावं लागलं होतं. रिगने सलग अर्धा तास मारलेली हवा पाणी नितळ करते, बोअर तयार करत नाही. कमानी मुद्दाम मोडाव्या लागतात, पुन्हा पुन्हा, जोपर्यंत मोडल्यावर काही येत नाही तोपर्यंत.

आळीपाळीने धरणं आणि सोडणं

त्यानंतरचं काम म्हणजे हेच चक्र. काही मिनिटं उपसा, मग झडप बंद. बंद असताना पाणी उलटं फिरतं आणि कंप्रेसरच्या टाकीत दाब साठतो. पुन्हा झडप उघडायची. एका जागी पहिल्या बादलीत कच जवळजवळ दिसेनाशी झाली की पाइप चार-पाच फूट खाली. प्रत्येक थांब्यानंतरच्या पहिल्या बादलीतली कच नाना एका मोठ्या सिरिंजमध्ये भरून मिलिलिटरमध्ये वहीत लिहीत गेले. द्राक्षाला औषधं मोजून देणाऱ्या माणसाला हे काम आवडलं. त्या वहीतला एक टप्पा, १२० ते १२५ फुटांचा, असा होता: ५५, ४०, ४५, २२, १०, ४, ३, २. मध्ये ४० वरून ४५ वर गेलं तेव्हा नाना घाबरले. तसं होतं, एक कमान मोडली की तिच्यामागची मोठी पोकळी एकदम रिकामी होते. आकडे पायरी-पायरीने सरळ उतरत नाहीत, एकूण कल खाली हवा.

जिथे नुसत्या सोड-धरीने माल हलेना, तिथे जोर वाढवला. टाकीत सहा किलो दाब साठवला, हवेचा पाइप तीन इंचीच्या तोंडाबाहेर फूटभर खाली उतरवला आणि झडप दोन-तीन सेकंद उघडली. हवेचा गोळा सरळ केसिंगमध्ये सुटतो, पाण्याला स्लॉटमधून बाहेर रेटतो. लगेच हवेचा पाइप वर, तोंडाच्या आत ओढून उपसा सुरू, म्हणजे सुटलेला माल बाहेर निघतो. इथे हात आखडता ठेवावा लागतो. एका ठिकाणी मुलाने झडप लांबपर्यंत उघडी ठेवली आणि पुढच्या उपशात पाणी निम्म्यावर आलं. हवा खडकात शिरली होती. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं. रात्रभरात ती आपोआप निघून गेली आणि सकाळी पाणी पूर्ववत झालं.

तोंड १३८ फुटांच्या खाली गेलं तेव्हा पाणी एकदम तांबडं आलं. पाच इंची पाइपाच्या बाहेरच्या अर्ध्या इंचातून पट्ट्याची माती वर चढत होती. पाइप १३५ वर घेतल्यावर ती थांबली, आणि त्या टोकाला पुन्हा जोर लावला नाही. शेवटच्या तीन फुटांचं पाणी सोडून दिलं, पण तांबडा पट्टा शांत राहिला.

दट्ट्या

१२८ ते १३२ मध्ये मात्र हवा कामाला आली नाही. कच सुटतही नव्हती आणि पाणीही वाढत नव्हतं. हवेचा धक्का सगळीकडे पसरतो. अशा ठिकाणी एकवटलेला जोर लागतो, आणि तो दट्ट्या देतो. जुन्या कन्व्हेअर बेल्टच्या रबराच्या तीन गोल चकत्या, दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, एक इंची पाइपाच्या टोकाला नटांनी आवळलेल्या. केसिंग आतून १२५ मिलिमीटर, चकत्या १२० मिलिमीटर. तिन्ही चकत्यांना आरपार चार भोकं पाडली, म्हणजे खाली जाताना थोडं पाणी निसटतं आणि पीव्हीसीवर ताण कमी येतो.

दट्ट्या स्लॉटसमोर न नेता वर, १०५ फुटांवर, साध्या पाइपात पण पाण्याखाली ठेवला. चार माणसांनी तिवईवरच्या कप्पीतून तीन फूट वर, तीन फूट खाली, आधी सावकाश. खाली जाताना पाणी स्लॉटमधून बाहेर, वर येताना आत. एकदम झपाट्याने वर ओढू नये. स्लॉट बुजलेले असतील तर आत पोकळी तयार होऊन पीव्हीसी चपटा होतो. हळूहळू हाताला फरक कळतो. सुरुवातीला दट्ट्या जड जातो, कारण पाण्याला वाट नसते. माल सुटला की तो हलका होतो. तसा तो हलका झाला, मग वेग वाढवला.

दट्ट्या काढून वजन सोडलं, तर तळात तीन फूट नवा माल. पाच इंची पाइपात तीन फूट म्हणजे अकरा लिटर कच, एवढ्याशा पट्ट्यातून. स्लॉटच्या खाली बावन्न फूट साधा पाइप होता म्हणून तो तिथे मावला. हवेच्या पाइपाने तळ साफ केला, पुन्हा दट्ट्या, पुन्हा मोजणी. तळात बोटभरही भर पडेना तेव्हा थांबलो.

तयार झाला हे कशावरून ठरवलं

हवेने निघणारं पाणी बोअरची क्षमता सांगत नाही. म्हणून चाचणीची मोटर सोडली आणि सहा तास चालवली. व्ही-नॉचवर अडीच इंच पाणी आलं. आधी दोन इंच होतं. अर्ध्या इंचाची वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण ९० अंशाच्या नॉचवर दोन इंच म्हणजे ताशी सुमारे २,९०० लिटर आणि अडीच इंच म्हणजे सुमारे ५,००० लिटर.

त्याहून महत्त्वाचा आकडा पातळीचा. आधी २,९०० लिटर उपसताना पाणी ४८ वरून ९७ फुटांवर जायचं, म्हणजे एक फूट उतरलं की ताशी ५९ लिटर मिळत. आता ५,००० लिटर उपसताना ते ८४ फुटांवर स्थिरावलं, म्हणजे फुटामागे सुमारे १४० लिटर. खडकात नवीन पाणी आलेलं नाही. बोअरच्या भोवती खोदाईची भुकटी आणि बारीक माल अडकून जी वाट बंद होती, ती मोकळी झाली. खडकातच पाणी नसेल तर कोणतंही सर्जिंग ते आणू शकत नाही.

कचेसाठी आयएस २८०० या कूपनलिकांच्या भारतीय मानकात कसोटी आहे: मोटर सुरू केल्यावर वीस मिनिटांनी पाण्यातली वाळू घनफळाने दहा लाखांत वीस भागांपेक्षा जास्त नको. शेतात ती मोजायची सोपी रीत म्हणजे दोनशे लिटरचं पिंप भरायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून तळातली कच सिरिंजमध्ये घ्यायची. मर्यादा ४ मिलिलिटरची. आमच्या पिंपात २ मिलिलिटर निघाली. मोटर बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केली, असं तीनदा केलं, तेव्हाही वीस मिनिटांनंतरचं पिंप त्याच आसपास राहिलं. मला खात्री या दुसऱ्या परीक्षेने वाटली.

तरीही २ मिलिलिटर म्हणजे शून्य नव्हे. दिवसाला पाच तास, ताशी ५,००० लिटर, तर रोज पाव लिटर कच. म्हणून ड्रिपच्या आधी पाणी गरगर फिरवून कच वेगळी करणारा हायड्रोसायक्लोन बसवायला सांगितला आणि सुरू झाल्यावरची पहिली दोन मिनिटं पाणी बायपासने बाहेर सोडायचं ठरलं. नवी मोटर १०८ फुटांवर, स्लॉटच्या दहा फूट वर टांगली. स्लॉटसमोर टांगली असती तर तिच्या समोरच्या थोड्या स्लॉटमधूनच सगळं पाणी जोरात खेचलं गेलं असतं. झडप थोडी आवळून उपसा ४,००० लिटरवर ठेवला. बोअर ५,००० ला तयार केला आणि रोज त्यापेक्षा कमी उपसला, तर गाळणीवर जेवढा ओढा आधी येऊन गेला त्यापेक्षा जास्त कधी येत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात नानांनी स्वतः वजन सोडून खोली मोजली. तळात फूटभर माल होता. स्लॉट सुरू होतात ते तिथून पन्नास फुटांहून वर. भर त्याच वेगाने पडत राहिली तर तळ साफ करायची गरज बरीच वर्षं येणार नाही. मात्र एखाद्या वर्षी ती अचानक पाच-दहा फुटांनी वाढलेली दिसली, तर मोटरला हात लावण्याआधी पाणी बोटांत घेऊन पाहायचं: करकरलं तर मांजऱ्या, आणि कंप्रेसर बोलवायचा, बुळबुळलं तर तांबडा पट्टा फुटला आहे, आणि आतल्या केसिंगमध्ये कॅमेरा सोडून पाइपाला तडा गेला आहे का ते आधी बघायचं.